बोळाच्या तोंडाशी अडणारा कळप : काठी आणि आरडाओरड टाळून केलेल्या एका लसीकरणाचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण 46 कालवडींच्या एका कळपाचे आहे. वयाने 14 ते 20 महिन्यांच्या, वजनाने साधारण 220 ते 300 किलोच्या या कालवडी दूध तुटल्यापासून कुरणातच वाढलेल्या होत्या. माणसाशी त्यांचा संबंध येई तो पाण्याचा हौद भरताना आणि लस टोचताना, आणि यातला दुसरा अनुभव त्यांच्यासाठी कधीच सुखाचा नव्हता. लाळ-खुरकुताच्या लसीची आदली फेरी सकाळी सुरू होऊन दुपार टळल्यावर कशीबशी संपली होती. त्या फेरीत दोन कालवडी घसरून पडल्या, एकीचे शिंग मुळाशी दुखावले, आणि फाटकामागे उभे राहून ते अंगाच्या जोराने दाबून धरणाऱ्या एका मदतनिसाच्या दोन बरगड्या मोडल्या. पुढच्या फेरीआधी मालकांनी मला पशुवैद्यक म्हणून बोलावले, तेव्हा मी आणखी माणसे किंवा विजेचा दांडा सुचवीन अशी त्यांची अपेक्षा होती.

जागेची मांडणी आधी सांगणे आवश्यक आहे, कारण पुढचे सगळे तिच्यावर अवलंबून आहे. कुरणाच्या फाटकातून दोन्ही बाजूंना कुंपण असलेली, सुमारे 80 मीटर लांबीची वाट निघत होती आणि ती 4 मीटर रुंद व 6 मीटर लांब अशा एका चौकात उघडत होती. या चौकातून 60 सेंटिमीटर रुंद आणि 12 मीटर लांब असा एकेरी बोळ निघून, लस टोचताना गुराची मान अडकवून धरणाऱ्या खोड्यापर्यंत जात होता. मात्र वाटेचे फाटक आणि बोळाचे तोंड ही दोन्ही चौकाच्या एकाच भिंतीत, अगदी शेजारी शेजारी होती. म्हणजे गुरे ज्या बाजूने चौकात येत, त्याच बाजूला पुन्हा वळून त्यांना बोळात शिरावे लागे. मालकांना आणि गुराख्यांना हा बांधकामातला दोष वाटत होता. बोळ समोर असता तर गुरे सरळ आत गेली असती, असे त्यांचे म्हणणे होते. माझे निदान नेमके उलटे निघाले.

आदल्या फेरीत काय घडले

कामाची रीत अशी होती की चौकात मावतील तेवढी गुरे, म्हणजे 18 ते 20, एकदम कोंबायची, फाटक ओढून घ्यायचे, आणि मग दोघातिघांनी चौकाच्या लांबच्या टोकाला काठ्या घेऊन उभे राहून ओरडत त्यांना बोळाकडे रेटायचे. चौक इतका भरलेला असे की पुढच्या कालवडीला वळायला जागाच नसे. मागून मार बसलेली कालवड पुढच्या अंगावर चढे, पुढची बोळाच्या तोंडाशी अडून बसे, आणि सगळा लोंढा जिथून आत आला होता त्या फाटकावर जाऊन आदळे. फाटक सारखे उघडायचे-लावायचे म्हणून त्याची कडी कोणी लावत नसे. माणूसच कडीचे काम करत असे. बरगड्या मोडल्या त्या तिथेच.

अपघाताचे कारण म्हणून ‘कालवड मारकी होती’ असे सांगितले गेले. ती कालवड मी नंतर पाहिली; ती कळपातली सर्वांत बुजरी होती. तिला माणसावर चालून जायचे नव्हते, तिला परत कुरणात जायचे होते आणि माणूस त्या वाटेवर उभा होता. कोंडलेले गुरू ज्या वाटेने आत आले तिकडेच परतू पाहते, ही त्याची खोलवर रुजलेली सवय आहे. गुरांची अनेक कामे या एका गोष्टीवर सोपी होतात आणि ती न ओळखल्यास त्याच गोष्टीवर फिसकटतात. इथे कळपाची ओढ फाटकाच्या बाजूला होती आणि बोळाचे तोंडही त्याच बाजूला होते, तरी माणसे विरुद्ध टोकाला उभी राहून, आधीच तिकडे जायला निघालेल्या गुरांना झोडपून बिथरवत होती.

ओरडण्याबद्दलही थोडे सांगितले पाहिजे. गुरांचे कान माणसापेक्षा बारीक, उंच पट्टीचे आवाज कितीतरी अधिक टिपतात. आपल्याला 20 हजार हर्ट्झच्या आसपास ऐकू येणे थांबते, तर त्यांना 35 हजारांच्या आसपासपर्यंतचे ऐकू येते. पत्र्याच्या फाटकाचा खणखणाट किंवा तोंडाने घातलेली शीळ त्यांना आपल्या कल्पनेपेक्षा जास्त बोचते. शिवाय एकदा घाबरलेल्या गुराच्या हृदयाचे ठोके पूर्ववत व्हायला 20 ते 30 मिनिटे लागतात. म्हणजे पहिल्या पाच मिनिटांत केलेला गोंधळ पुढचा अर्धा तास निस्तरावा लागतो, आणि तो अर्धा तास कोणी देत नाही.

गुराच्या उंचीवरून पाहणी

कळपाला हात लावण्याआधी रिकाम्या चौकातून बोळात वाकून, डोळे कालवडीच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवून, मी आणि तिथले जुने गुराखी, ज्यांना सगळे काका म्हणतात, दोघे खोड्यापर्यंत चालत गेलो. गुराचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने त्याला 300 अंशांहून अधिक परिघातले दिसते, पण खोलीचा अंदाज मात्र त्याला पटकन येत नाही. त्यामुळे जमिनीवरची काळी सावली त्याला खड्डा वाटू शकते, आणि मान खाली घालून नीट पाहिल्याशिवाय ते त्यावर पाय ठेवत नाही. आपण उभे राहून पाहतो तेव्हा यातले काहीच खटकत नाही.

वाकून पाहिल्यावर चार गोष्टी सापडल्या. बोळाच्या तोंडाशी एक सुटी साखळी वाऱ्याने हलत होती. कुंपणावर कोणाचा तरी सदरा वाळत घातलेला होता. बोळाच्या बाहेरच्या बाजूने, नळ्यांच्या फटींतून, येणारीजाणारी माणसे दिसत होती. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बोळाच्या सरळ रेषेत, खोड्याच्या पुढे, लस टोचणारा माणूस जिथे उभा राही ती जागा बोळात शिरणाऱ्या कालवडीला पहिल्या पावलापासून दिसत होती. मागून तिला पुढे रेटायचे आणि पुढून एका माणसाने उभे राहून तिला थोपवायचे, असा तो प्रकार होता.

साखळी काढली, सदरा उचलला, बोळाच्या बाहेरच्या बाजूला पुरुषभर उंचीपर्यंत जाड गोणपाट ताणून बांधले, आणि लस टोचणाऱ्यासाठी खोड्याच्या बाजूला एक फळी उभी करून तिच्यामागे जागा केली. आतल्या बाजूची, म्हणजे जिथून आम्ही चालणार होतो ती, बाजू मुद्दाम उघडी ठेवली. फाटकाला खटका लागणारी कडी बसवली आणि चौकाच्या कोपऱ्यात, फाटकालगत, 40 सेंटिमीटर रुंदीची एक उभी फट ठेवली. या फटीतून माणूस आडवा होऊन सहज निसटतो, पण या वजनाच्या कालवडीला तीतून बाहेर पडता येत नाही. कुंपणावर चढून जीव वाचवायला जो वेळ लागतो तो पुष्कळदा मिळत नाही, म्हणून अशी फट मला कुठल्याही चौकात पहिली गरज वाटते.

बुजण्याची हद्द मोजणे

प्रत्येक गुराभोवती एक अदृश्य हद्द असते. माणूस तिच्या बाहेर असेपर्यंत गुरू मान वर करून, तोंड त्याच्याकडे करून त्याला पाहते. तो आत आला की वळून दूर जाते. यालाच फ्लाइट झोन म्हणतात. ही हद्द ठरलेल्या मापाची नसते. डोंगरात मोकळ्या सुटलेल्या, वर्षभर माणूस न पाहिलेल्या गुरांची हद्द 30 मीटरपर्यंत असू शकते, दावणीच्या सोशिक गाईची जवळजवळ शून्य असते, आणि एकाच गुराची हद्द तो दिवस कसा गेला यावर कमीजास्त होते. गुरू घाबरलेले असताना ती रुंदावते. माणूस समोरून थेट चालत गेला तरी रुंदावते.

या कळपाची हद्द मोजायला कामाच्या दोन दिवस आधीची सकाळ घेतली. रमतगमत, नजर एकीवर न रोखता, तिरक्या रेषेत चालत गेल्यावर 15 मीटरच्या सुमाराला माना वर झाल्या आणि चघळणे थांबले. सुमारे 6 मीटरवर सर्वांत बुजऱ्या कालवडी वळून चालू लागल्या, तर हौदाजवळ रेंगाळणाऱ्या काही जणी मी 2 मीटरवर येईपर्यंत जागच्या हलल्या नाहीत. कळप हलवताना माप घ्यायचे ते 6 मीटरचे. धीट कालवडींना हलवण्यासाठी माणूस 2 मीटरवर गेला, तर बुजऱ्या कालवडींच्या हद्दीत तो खोलवर घुसलेला असतो आणि त्या उधळतात. उलट बुजऱ्या शांतपणे चालू लागल्या की धीट कालवडी, एकटे पडायचे नाही म्हणून, आपोआप मागे येतात. कळपाची ओढ इथे माणसाचे निम्मे काम करते.

माणसाने काठावर राहायचे म्हणजे प्रत्यक्षात असे की एक पाऊल हद्दीत टाकायचे, गुरू चालू लागले की तिथेच थांबायचे किंवा अर्धे पाऊल मागे घ्यायचे, आणि त्याची गती मंदावली की पुन्हा एक पाऊल टाकायचे. दाब देणे सगळ्यांना जमते, तो सोडणे जमत नाही. गुरू बरोबर दिशेने निघाले असतानाही माणूस मागे लागतच राहिला, तर दाबातून सुटण्याचा काही मार्ग आहे असे त्याला कधीच कळत नाही, आणि मग ते स्वतःचा मार्ग शोधते. तो बहुधा कुंपणावरून किंवा माणसावरून जातो.

कुरणातून चौकापर्यंत

फेरीच्या दिवशी तीन माणसे होती: काका, त्यांचा पुतण्या आणि मी. कळप कुरणाच्या लांबच्या अंगाला विखुरलेला होता. पुतण्याला सवयीने जवळच्या चार कालवडी आधी वळवायच्या होत्या. काकांनी त्याला थांबवले आणि सगळ्यांच्या मागून, पण कोणाच्याही अगदी पाठीशी न जाता, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे आडवे चालायला सांगितले. गुराच्या अगदी मागे एक अरुंद आंधळा पट्टा असतो. माणूस तिथे गेला की तो दिसावा म्हणून गुरू वळते, आणि आपण मात्र त्याला ‘वाकड्या स्वभावाचे’ म्हणतो. आडवे चालणारा माणूस आधी एका कडेच्या, मग दुसऱ्या कडेच्या गुरांच्या डोळ्यांत राहतो, आणि मधल्या कालवडी आपसूक एकमेकींजवळ सरकत सैल घोळका करतात. टोकाला पोहोचल्यावर कळपाला वळसा घालत पुढे जायचे नाही, हेही काकांनी बजावले; बाजूने डोक्यांपर्यंत पोहोचलेला माणूस पुढच्या गुरांना उलटे फिरवतो.

घोळका जमल्यावर आम्ही मिनिटभर नुसते उभे राहिलो. मग पुन्हा आडवे चालणे सुरू केले आणि कळप फाटकाकडे निघाला. ज्या आघाडीला होत्या त्या कळपात दादागिरी करणाऱ्या नव्हत्या. अशा दांडग्या कालवडी बहुधा मध्ये चालतात. आघाडीच्या दोघीतिघी कोण हे पाहून ठेवले, कारण बोळाशी त्यांचा उपयोग होणार होता. वाटेत एकदा मागच्या कालवडी दुडक्या चालीवर आल्या, तेव्हा तिघेही जागीच थांबलो आणि त्या पंधरा-वीस पावलांत पुन्हा चालीवर आल्या. धावणाऱ्या गुरामागे धावणे म्हणजे दाब वाढवणे, एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ झाले.

चौक : जिथे सगळे ठरते

बोळाच्या लांबीवरून तुकडीचा आकार ठरवला होता. 12 मीटरमध्ये या मापाच्या सात कालवडी मावतात, म्हणून चौकात एका वेळी सातच घ्यायच्या. चौक निम्म्याहून कमी भरलेला राहिला पाहिजे, म्हणजे त्यांना वळता येते. बोळ पूर्ण रिकामा झाल्याशिवाय पुढच्या सात जणींना चौकात घ्यायचे नाही, कारण चौक हा थांबण्याचा नव्हे, जाता जाता ओलांडण्याचा भाग आहे. तिथे उभ्या राहिलेल्या गुरांना परतण्याची ओढ बोळाऐवजी फाटकावर काढायला वेळ मिळतो. शिवाय 46 कालवडींच्या सहा तुकड्या सातसातच्या केल्या तर शेवटी चारच उरतात. म्हणून पाच तुकड्या सातच्या आणि मग सहा व पाच, असे ठरवले.

चौकातली रीत अशी. सात जणी आत आल्या की त्यांना लांबच्या टोकापर्यंत जाऊ द्यायचे, त्यांच्या मागे फाटक लावून कडी घालायची, आणि माणसाने फाटकासमोर, सुटकेच्या फटीला पाठ करून उभे राहायचे. टोकाला पोहोचल्यावर वाट नाही हे पाहून कालवडी वळतात आणि आल्या त्या बाजूला परत निघतात. माणूस फाटकासमोर असल्याने त्या त्याला वळसा घालू पाहतात, आणि वळशाच्या वाटेवर बोळाचे तोंड येते. काठी, रेटा यांची गरज नसते. माणसाने एक-दोन पावले इकडेतिकडे सरकून वळसा नेमका बोळावर पडेल एवढे पाहायचे असते. ज्या मांडणीला दोष मानले होते ती अशी उपयोगी पडली. बोळ समोरच्या भिंतीत असता तर मला हे करता आले नसते.

पहिल्या तुकडीतली आघाडीची तांबडी कालवड वळून थेट बोळाच्या तोंडाशी आली आणि थबकली. तिने मान खाली घातली, कान पुढे केले आणि उंबऱ्याजवळची जमीन हुंगू लागली. हा क्षण फार मोलाचा असतो आणि इथेच बहुतेक माणसे घाई करतात. मान खाली, कान पुढे, पाय स्थिर असे असेल तर गुरू अडलेले नसते, ते पाहत असते, आणि त्याला अर्धे मिनिट दिले तर पुष्कळदा ते आपणहून पाऊल टाकते. पुतण्याने मात्र कुंपणापलीकडून टाळी वाजवली. तांबडी जागच्या जागी वळली आणि तिच्याबरोबर बाकीच्या सहाही जणी चौकाच्या टोकाला गेल्या.

“अरे, ती बघत होती,” काका म्हणाले. “तिचं बघून होऊ द्यायचं.”

“पण काका, ती कुठे बघत होती? खाली तर काहीच नाही.”

खाली होते. सूर्य वर आल्यावर छपराच्या एका फटीतून उन्हाचा हातभर रुंद लखलखीत पट्टा बरोबर बोळाच्या उंबऱ्यावर आडवा पडला होता. सकाळच्या पाहणीत तो तिथे नव्हता. गुरांना प्रकाशाचा असा तुटक फरक फार खटकतो. फटीवर गोणपाट टाकले, उंबऱ्यावर आणि पुढे बोळात हातभर माती सारखी पसरली, आणि कालवडींना पाच-सात मिनिटे तशाच राहू दिले. दुसऱ्या वेळी तांबडी आली, पुन्हा थबकली, पुन्हा हुंगले आणि आत गेली. तिच्या मागे उरलेल्या सहा जणी एकमेकींच्या शेपटीला तोंड लावून गेल्या. त्यांच्यापैकी एकीनेही उंबऱ्याकडे पाहिले नाही.

बोळात खांद्याची रेषा

बोळात शिरलेल्या कालवडींना खोड्यापर्यंत सरकवायला एक साधा नियम पुरतो. गुराच्या खांद्यापाशी एक रेषा मानावी. माणूस त्या रेषेच्या मागे गेला तर गुरू पुढे जाते, पुढे आला तर मागे सरते. म्हणून बोळाच्या उघड्या बाजूने, डोक्याकडून शेपटीकडे, म्हणजे गुराला जायचे त्याच्या विरुद्ध दिशेने, नेहमीच्या चालीने चालत जायचे. एकेकीचा खांदा ओलांडला की ती एक-दोन पावले पुढे सरकते. शेवटच्या कालवडीपर्यंत गेल्यावर परत यायचे ते बोळाला चिकटून नव्हे, तर तीनेक मीटर दूरून, त्यांच्या हद्दीबाहेरून; नाहीतर परतीच्या चालीत आपणच त्यांना थोपवतो. अरुंद जागेत कोंडलेल्या गुराची हद्द मोकळ्या कुरणातल्यापेक्षा कमी भरते, म्हणून तीन मीटर इथे पुरले.

पुतण्याला हे पटायला वेळ लागला, कारण मनाची ओढ गुराच्या शेपटीमागे जाऊन ढकलण्याची असते. दोन तुकड्या झाल्यावर तो स्वतःच म्हणाला की हात वर केला की त्या थांबतात आणि उलटे चालले की निघतात. तिसऱ्या तुकडीपासून बोळाचे काम त्याच्याकडेच दिले. खोड्याचे दार पुढे आपटून बंद होऊ नये म्हणून त्याला रबराची पट्टी लावली होती. आवाज कमी झाल्याने बोळातली दुसरी-तिसरी कालवड मागे रेटा देईनाशी झाली. या एका पट्टीचा परिणाम मला अपेक्षेपेक्षा बराच मोठा वाटला.

मागे राहिलेली एक

चौथ्या तुकडीत ज्याची भीती होती ते घडले. सहा कालवडी आत गेल्या आणि सातवी, आदल्या फेरीत फाटकावर धडकलेली तीच बुजरी, वळून चौकाच्या टोकाला एकटी उरली. गुरे हाताळताना होणाऱ्या गंभीर दुखापतींचे फार मोठे कारण हे एकटे पडलेले जनावर असते. कळपापासून तुटले की त्याची हद्द एकदम रुंदावते, आणि 6 मीटर लांबीच्या चौकात माणूस कुठेही उभा राहिला तरी त्या हद्दीच्या आतच असतो. त्याला पळायला जागा नसते, म्हणून उरतो तो एकच मार्ग.

लक्षणे स्पष्ट होती. तिने मान खांद्याच्या बरीच वर उचलली होती, दोन्ही डोळे काकांवर रोखले होते, डोळ्यांतला पांढरा भाग दिसू लागला होता आणि तिने पातळ शेण टाकले. तिची नजर दोनदा कुंपणाच्या वरच्या कडेकडे गेली. उडी मारण्याआधी गुरे तशी पाहतात. काका काहीही न बोलता, तिच्याकडे पाठ न करता, दोन पावले मागे सरकून फटीतून बाहेर निघाले. ती अजून थरथरत होती, पण माणूस गेल्यावर मान हळूहळू उतरली.

मालकांचा प्रश्न रास्त होता की एकीसाठी आता किती वेळ थांबायचे. उत्तर असे की तिला एकटीला आत घालायचेच नाही. बोळातल्या सहा जणींना लस टोचून झाली आणि बोळ मोकळा झाला. मग पुढच्या तुकडीत सातऐवजी सहाच कालवडी चौकात घेतल्या, म्हणजे तिच्यासह त्या सात झाल्या आणि बोळाच्या मापात बसल्या. त्या आत येताच ती त्यांच्यात मिसळली, आणि जेव्हा सगळ्या वळून बोळाकडे आल्या तेव्हा ती तिसऱ्या क्रमांकाने आत गेली. उरलेल्या बारा जणींच्या सहासहाच्या दोन तुकड्या केल्या. शेवटच्या तुकडीसाठी आदल्या तुकडीतल्या, लस झालेल्या तीन कालवडी चौकालगतच्या आवारात, कुंपणातून दिसतील अशा थांबवून ठेवल्या होत्या, म्हणजे शेवटी एखादी मागे राहिलीच तर चौकात सोबतीला सोडायला जोडीदार हाताशी असाव्यात. त्यांची गरज पडली नाही, तरी अशी तजवीज दर वेळी ठेवावी असे माझे मत आहे.

कळप कुरणातून निघाल्यापासून शेवटच्या कालवडीला लस मिळेपर्यंत अडीच तास लागले. कोणी पडले नाही, काठी कोणाच्या हातात नव्हती. हंबरल्या फक्त दोघी, त्याही खोड्यात मान अडकल्यावर. तो खोडा त्यांच्या मानेसाठी अंमळ घट्ट बसवला होता, हे नंतर मोजल्यावर लक्षात आले.

कुठे ही रीत चालत नाही

या प्रकरणावरून सरसकट नियम काढू नयेत, कारण हद्दीचा सगळा हिशेब गुरू माणसापासून दूर जाऊ पाहते या एका गोष्टीवर उभा आहे. नुकतीच व्यालेली गाय वासराजवळ असताना हद्दीत शिरलेल्या माणसापासून दूर जात नाही, ती त्याच्याकडे येते. वळूचेही तसेच. तो आडवा उभा राहून पाठ कमानीसारखी करून आपली बाजू दाखवू लागला, मान खाली घालून जमीन उकरू लागला, की तिथे आडवे चालणे आणि अर्धे पाऊल मागे घेणे यांचा उपयोग नसतो. नजर त्याच्यावर ठेवून, पाठ न फिरवता, न धावता हळूहळू मागे सरकत कुंपणाबाहेर जाणे एवढेच उरते. वळूला हलवायचे असल्यास त्याला दोन-चार गाईंच्या सोबतीने हलवावे, त्याला एकट्याला कधीही नाही. लाथेबद्दलही एक सांगायचे: गुरू सरळ मागे तर मारतेच, पण पाय पुढे आणून बाजूलाही फिरवते, म्हणून मागच्या पायाच्या बाजूला हातभर अंतरावर उभे राहणे ठीक मागे उभे राहण्याइतकेच धोक्याचे आहे.

दुसरी मर्यादा अधिक सौम्य, पण कामात जास्त वेळा आडवी येणारी आहे. या फेरीनंतर काका आणि पुतण्या आठवड्यातून एकदोनदा कळपातून शांतपणे चालून येऊ लागले, आणि चौक व बोळ यांतून, खोड्यात न अडकवता, त्यांना नुसते पार करू लागले. पुढच्या फेरीपर्यंत कळपाची हद्द 6 वरून 3 मीटरच्या आसपास आली. बुजऱ्या कालवडींसाठी ते चांगलेच झाले, पण हौदाजवळच्या धीट कालवडींची हद्द जवळजवळ संपली. त्यांच्या खांद्यामागे गेले तरी त्या हलत नाहीत, उलट वळून हात चाटू पाहतात. त्यांना मागून हाकायचा प्रयत्न काकांनी सोडून दिला आहे. पेंडेची बादली घेऊन ते आता वाटेने पुढे चालतात, धीट कालवडी त्यांच्या मागे निघतात, आणि बुजऱ्यांच्या मागे, सहा मीटर नव्हे तर तीन मीटरवर, पुतण्या आडवा चालत असतो.